एका पानाची नियमावली: छोट्या क्लिनिकचा कॉम्प्युटर, फोन आणि पासवर्ड

छोट्या क्लिनिकमध्ये कॉम्प्युटर वापरण्याचे नियम लिहायची वेळ बहुतेकदा बाहेरच्या कुणामुळे येते. कॅशलेसचा करार करताना विमा कंपनी कागद मागते, नाहीतर एनएबीएच या हॉस्पिटलांच्या मानांकनाची तयारी सुरू झालेली असते. मग कुणीतरी नेटवरून वीसेक पानांचा इंग्रजी नमुना उतरवून घेतो, त्यात क्लिनिकचं नाव भरतो, डॉक्टर शेवटच्या पानावर सही करतात आणि फाइल कपाटात जाते. काउंटरवरच्या मॉनिटरला मात्र पिवळी चिठ्ठी तशीच चिकटलेली असते: `admin`, आणि त्याखाली `clinic123`.

त्या नमुन्यात चूक असते असं नाही. तो मोठ्या हॉस्पिटलसाठी लिहिलेला असतो. तिथे आयटीचा वेगळा विभाग असतो आणि नियम पाळले जातायत की नाही याकडे लक्ष द्यायला माणसं असतात. चार-पाच जणांच्या क्लिनिकमध्ये नियम पाळायचा असतो काउंटरवरच्या मुलीने, तोही समोर पंधरा पेशंट ताटकळत असताना. म्हणून इथली नियमावली एका पानाची, मराठीत आणि तिला पहिल्या वाचनात कळेल अशी हवी. ती कशी लिहायची हे एक नमुन्याचं क्लिनिक डोळ्यांसमोर ठेवून बघू.

सोलापुरात होटगी रोडवर एका फिजिशियनचं क्लिनिक आहे असं धरा. ओपीडी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊ. काउंटरवर दोन मुली, एक सकाळची, एक संध्याकाळची; सात वाजताच्या गर्दीला दोघीही असतात. शिवाय एक सिस्टर, एक कंपाउंडर आणि साफसफाईच्या मावशी. कॉम्प्युटर दोन, एक काउंटरवर आणि एक डॉक्टरांच्या केबिनमध्ये. क्लिनिकचा म्हणून एक स्मार्टफोन, त्यावर अपॉइंटमेंट आणि रिपोर्टचं व्हॉट्सअ‍ॅप. पेशंट शहरातले, तसेच अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून येणारे.

लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ काउंटरच्या मागच्या खुर्चीत बसून फक्त बघावं. कुणाला काही विचारायचं नाही, टोकायचंही नाही. कॉम्प्युटरवर कोण कोण हात ठेवतं, पासवर्ड कोण मोठ्याने ओरडून सांगतं, रिपोर्टचा फोटो कुणाच्या फोनमधून जातो, लॅबवाल्या पोराचा पेनड्राइव्ह कुठे लागतो, औषध कंपनीचा एमआर वाट बघत उभा असताना त्याला स्क्रीनवर काय दिसतं, हे टिपून घ्यायचं. नियमावलीचा कच्चा माल हाच. जे इथे घडतच नाही त्याचा नियम लिहू नये. सर्व्हर रूम नाही, तर सर्व्हर रूमच्या किल्लीचा नियम कशाला?

मग वाक्यं. उतरवलेल्या नमुन्यात असं वाक्य हमखास असतं: ‘वापरकर्त्यांनी माहिती प्रणालीचा अनधिकृत वापर टाळावा व गोपनीयता अबाधित राखावी.’ हे वाचून काउंटरवरच्या मुलीने नेमकं काय करायचं? तिला फक्त कुणीतरी रागावल्यासारखं वाटतं. त्या जागी असं लिहा: ‘काउंटरच्या खुर्चीतून उठताना विंडोजचं बटण आणि L एकत्र दाबा. पाणी प्यायला उठलात तरी.’ यात कोणी, केव्हा, काय करायचं ते आलं. शिवाय नियम पाळला की नाही हे लांबून बघूनही कळतं. प्रत्येक वाक्याला हीच कसोटी लावायची: बघणाऱ्याला हो किंवा नाही सांगता येतं का? येत नसेल तर वाक्य मोडून पुन्हा लिहा. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ अशी वाक्यं या कसोटीवर एकजात गळतात.

जे काम यंत्र करू शकतं ते कागदावर माणसाच्या गळ्यात घालू नये, हेही महत्त्वाचं. स्क्रीन आपोआप बंद व्हावी यासाठी विंडोजमध्ये स्क्रीन सेव्हरच्या खिडकीत पाच मिनिटं टाका आणि `On resume, display logon screen` या ओळीपुढे खूण करा. केस पेपर हाताने लिहिता लिहिता स्क्रीन सारखी बंद पडते अशी तक्रार आली, तर पाचाचे दहा करा. नाहीतर मुली ती सोय कुठून बंद करायची ते शोधून काढतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आणखी एक गोष्ट तपासा. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. पासवर्ड न विचारता थेट डेस्कटॉप आला, तर कुणीतरी आपोआप लॉगिन होण्याची सोय करून ठेवली आहे. वीज सारखी जाते तिथे ही सोय फार सापडते, कारण दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो. असं असेल तर तुमच्या नियमावलीतलं पासवर्डबद्दलचं प्रत्येक वाक्य वाया आहे.

एक नाव, चार माणसं

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो सामायिक लॉगिनला. आपल्या नमुन्याच्या क्लिनिकमध्ये एका शुक्रवारी हिशेब जुळत नाही. क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमध्ये बघितल्यावर दिसतं की संध्याकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी सहाशे रुपयांची एक पावती रद्द झाली आहे. रद्द करणाऱ्याचं नाव: `admin`. त्या वेळी काउंटरवर दोघी मुली होत्या, कंपाउंडर औषधाचं बिल करायला येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी स्वतः केबिनमधून त्याच नावाने एक केस उघडली होती. आता काय करणार? पेशंटने खरोखरच पैसे परत नेले असतील, कुणाचं बोट चुकून पडलं असेल, किंवा कुणी पैसे खिशात घातले असतील. नोंदीतून काहीच कळत नाही. चौघांवरही संशय राहतो, आणि सहसा तो सगळ्यात नव्या मुलीवर जाऊन बसतो.

म्हणून ‘आपला पासवर्ड कुणाला सांगू नका’ एवढंच लिहून भागत नाही. आधी प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड हवा. नियमावलीत हे धमकीच्या सुरात नको, कारणासकट लिहा: ‘तुमच्या नावाने जे होईल ते तुम्ही केलं असं धरलं जाईल. तुमच्यावर भलता आळ येऊ नये म्हणून तुमचं लॉगिन तुमच्यापुरतंच ठेवा.’ हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं की मुली स्वतःहून वेगळं लॉगिन मागतात, कारण पहिला फायदा त्यांचाच आहे.

इथे एक अडचण येते आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. सात वाजताच्या गर्दीत दोघी एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने बसतात. दर वेळी विंडोजमधून बाहेर पडून दुसरीने आत शिरायचं म्हटलं तर पेशंट ओरडतील आणि दोन दिवसांत सगळं पहिल्यासारखं होईल. इथे तडजोड कुठे करायची ते ठरवावं लागतं. माझं मत असं की काउंटरच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं खातं दोघींचं मिळून एक असलं तरी चालवून घ्यावं. मात्र पेशंटची माहिती आणि बिलं ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्याचं लॉगिन प्रत्येकीचं वेगळंच हवं. तिथून बाहेर पडून दुसऱ्या नावाने शिरायला काही सेकंद पुरतात, आणि पावती कुणी रद्द केली याची नोंदही तिथेच होते. काही सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जादा युजरचे पैसे पडतात. सगळ्यांसाठी घेणं जमत नसेल, तर निदान पैशाला हात लावणाऱ्या सगळ्यांसाठी तरी घ्या.

त्या सामायिक विंडोज खात्याला प्रशासकाचे अधिकार मात्र देऊ नका. विंडोजमध्ये ते खातं `Standard` प्रकारचं ठेवा. मग त्यावरून बहुतेक सॉफ्टवेअर कुणी मुकाट्याने बसवू शकत नाही. बसवायला गेलं की प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो. ‘परवानगीशिवाय काही डाउनलोड करू नये’ या नियमाचं निम्मं काम इथेच होतं. प्रशासकाचं खातं वेगळं आणि त्याचा पासवर्ड फक्त डॉक्टरांकडे. डॉक्टर परगावी असताना गरज पडली तर? पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवून जोडावर डॉक्टरांनी सही करायची आणि ते केबिनच्या कुलपाच्या कप्प्यात ठेवायचं. पाकीट फोडलं तर तारीख आणि कारण लिहायचं, आणि डॉक्टर परतले की पासवर्ड बदलून नवं पाकीट ठेवायचं.

एक नियम डॉक्टरांसाठीही हवा, आणि तोच बहुतेक नियमावल्यांत नसतो: ‘डॉक्टरही कुणाचा पासवर्ड विचारणार नाहीत. विचारला तरी देऊ नका.’ यामुळे दोन गोष्टी होतात. ‘डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय, पासवर्ड द्या’ असा फोन आला तर तो खोटा हे मुलीला तिथेच कळतं. आणि नियम सगळ्यांना सारखा आहे हेही दिसतं. डॉक्टरांनी स्वतःचा पासवर्ड सिस्टरला देऊन ठेवला असेल, तर बाकीच्या पानाला काही किंमत राहत नाही.

पासवर्ड कसा असावा

जुना नियम सगळ्यांना पाठ आहे: आठ अक्षरं, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर महिन्याला बदल. हा नियम पाळूनही `Solapur@123` तयार होतो, पुढच्या महिन्यात `Solapur@124`. `Siddheshwar@2025` दिसायला भक्कम. पण सोलापुरातल्या क्लिनिकचा पासवर्ड शोधणारा माणूस आधी काय करून बघेल? ग्रामदैवत, शहराचं नाव, गाडीचा `MH13`, पिनकोड `413001`, डॉक्टरांचं आडनाव आणि चालू साल. चिन्ह घालायला सांगितलं की जवळजवळ प्रत्येकजण @ घालतो, आणि तो शब्दाच्या नि आकड्याच्या मधेच. पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रामना या सवयी आधीपासून शिकवलेल्या असतात.

अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने २०१७ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका आणि अक्षर-आकडा-चिन्ह अशी सक्ती करू नका. त्याऐवजी लांबी बघा आणि सर्रास वापरले जाणारे पासवर्ड नाकारा, असं त्यांनी सांगितलं. २०२५ च्या सुधारित आवृत्तीत, जिथे फक्त पासवर्डवर भिस्त आहे तिथे किमान पंधरा अक्षरं सांगितली आहेत. आपल्या क्लिनिकला तो कागद बंधनकारक नाही, पण त्यातला विचार उचलण्याजोगा आहे. महिन्याला पासवर्ड बदलायला लावला की माणूस फक्त शेवटचा आकडा वाढवतो. जुना पासवर्ड ज्याच्या हाती लागला त्याला नवाही कळतो.

तेव्हा नियम असा लिहा: ‘एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, मधे आडवी रेघ.’ उदाहरण `mirchi-dagad-topi-ghoda`. ही तेवीस अक्षरं झाली, आणि दोन दिवसांत बोटांना सवय होते. (हाच पासवर्ड कुणी ठेवू नये; तो इथे छापला गेला आहे.) शब्द डोक्यातून काढायचे नाहीत, कारण डोकं लगेच जोड्या लावतं, भाकरी म्हटलं की चटणी येते. आजचा पेपर घ्या, डोळे मिटून बोट ठेवा, मिळालेला शब्द लिहा. वेगवेगळ्या पानांवर चारदा करा. दोन हजार साध्या शब्दांतून चार शब्द असे खरोखर कसेही उचलले, तर सोळा लाख कोटी जोड्या होतात. काउंटरवर बसून अंदाज करणाऱ्याला त्यातली आपली जोडी सापडणं अशक्यच.

मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना एक गंमत होते. घड्याळ हा शब्द `ghadyal` की `ghadyaal`? आज एक स्पेलिंग, उद्या दुसरं, आणि प्रयत्न चुकत गेले की खातं बंद. म्हणून एकाच तऱ्हेने लिहिले जाणारे छोटे शब्द घ्या: टोपी, मिरची, दगड. पासवर्ड देवनागरीत ठेवायचा मोह टाळा. लॉगिनच्या पडद्यावर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही. तेलुगू किंवा कन्नड घरातली मुलगी असेल आणि तिने घरच्या भाषेतले शब्द निवडले, तर उत्तमच.

लांबीची सक्ती विंडोजकडूनच करून घेता येते. प्रशासक म्हणून कमांडची खिडकी उघडून या दोन ओळी द्यायच्या:

```
net accounts /minpwlen:14 /maxpwage:unlimited
net accounts /lockoutthreshold:10
```

पहिल्या ओळीमुळे चौदापेक्षा कमी अक्षरांचा नवा पासवर्ड घेतला जात नाही (या कमांडची मर्यादाच चौदा आहे, चार शब्द सहसा तिच्या पुढेच जातात) आणि मुदत संपून पासवर्ड बदलण्याची सक्ती जाते. दुसऱ्या ओळीमुळे दहा वेळा चुकल्यावर खातं थोडा वेळ बंद राहतं. जुन्या पासवर्डना पहिली ओळ लागू होत नाही, म्हणून ती दिल्यावर प्रत्येकाकडून एकदा नवा पासवर्ड ठेवून घ्या. हे फक्त त्या कॉम्प्युटरच्या विंडोजपुरतं आहे. क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमधली सोय वेगळी, ती पुरवठादाराला विचारावी लागेल.

पासवर्ड बदलायचा केव्हा? कुणीतरी तो पाहिला असं वाटलं, चुकून भलत्या वेबसाइटवर टाकला गेला, किंवा माहीत असलेला माणूस काम सोडून गेला, की त्याच दिवशी.

आणि लिहून ठेवायचा की नाही? नमुन्यांत सरसकट ‘नाही’ असतं. मी तसं लिहिणार नाही. पर्समधल्या छोट्या वहीत, शेजारी लॉगिनचं नाव न लिहिता ठेवलेला पासवर्ड मला चालतो. मॉनिटरवर, कीबोर्डच्या खाली, काउंटरच्या काचेखाली आणि फोनच्या नोट्समध्ये चालत नाही. वहीला बंदी घातली की माणसं सोपा पासवर्ड ठेवतात, आणि ते वहीपेक्षा वाईट.

सगळ्या किल्ल्यांची किल्ली

एवढं करून एक दार उघडं राहतं. सॉफ्टवेअरचा पासवर्ड विसरला की तो बदलण्याची लिंक कुठे जाते? क्लिनिकच्या जीमेलवर. म्हणजे ज्याच्या हातात ते जीमेल, त्याच्या हातात सगळं. आता बघा ते खातं कुणी उघडलं होतं. बहुतेक वेळा आधीच्या रिसेप्शनिस्टने, आणि त्यात पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा फोन नंबर म्हणून तिचाच मोबाइल आहे. ती आता लग्न होऊन लातूरला असते. तिचा हेतू कितीही चांगला असला, तरी क्लिनिकची किल्ली तिच्या फोनमध्ये आहे.

नियमावलीत लिहा: ‘क्लिनिकच्या ईमेलला खातं परत मिळवायचा नंबर डॉक्टरांचा राहील. खात्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी चालू असेल.’ गूगल अशा खात्याला दहा राखीव कोड देतं, प्रत्येक आठ आकडी आणि एकदाच चालणारा. ते छापून त्याच कुलपाच्या कप्प्यात ठेवा. फोन हरवला किंवा सिम बंद पडलं तर आत शिरायला तेच उपयोगी पडतात. क्लिनिकच्या स्मार्टफोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपलाही सहा आकडी पिन लावा, म्हणजे ओटीपी कुणाला कळला तरी नंबर दुसऱ्या फोनवर उचलून नेता येत नाही. आणि ओटीपीचा नियम एका ओळीचा: ‘ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, बँक म्हणाली तरी, कंपनी म्हणाली तरी.’

रिपोर्ट कुणाच्या नंबरवर?

काय वापरायचं, कशासाठी वापरायचं, या भागात खरा धोका व्हॉट्सअ‍ॅपचा आहे. घरात फोन एकच, तोही नवऱ्याचा किंवा सासूचा, हे आपल्याकडे काही नवीन नाही. केस पेपरवर तोच नंबर असतो. सुनेचा रिपोर्ट मग सासूच्या फोनवर जातो, आणि क्लिनिकने काही चूक केली असं कुणालाच वाटत नाही. म्हणून नियम नोंदणीच्या वेळचा लिहावा लागतो: ‘नाव नोंदवताना पेशंटलाच विचारा, रिपोर्ट कुणाच्या नंबरवर पाठवू? उत्तर केस पेपरवर लिहा.’ प्रश्न हळू आवाजात विचारायचा, हेही लिहून ठेवायला हरकत नाही.

पाठवतानाचा नियम वेगळा. क्लिनिकच्या फोनमध्ये ‘पाटील काका’ नावाचे तिघे आहेत, आणि चुकीच्या पाटलांना गेलेला रिपोर्ट लगेच दिसत नाही. तो योग्य माणसाचा फोन आल्यावरच कळतो, ‘रिपोर्ट अजून आला नाही’ म्हणून. त्यामुळे नंबर नावावरून शोधायचा नाही. ‘केस पेपरवरचा नंबर बघा, शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचा, मग पाठवा.’ फोनमध्ये नाव साठवताना केस नंबरही जोडला तर आणखी बरं. एचआयव्हीचा रिपोर्ट मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच नाही, तो डॉक्टर पेशंटच्या हातात देतील. एचआयव्ही आणि एड्सबाबतच्या २०१७ च्या कायद्यात संमतीशिवाय ही माहिती दुसऱ्याला सांगायला मनाई आहे, त्यामुळे हा नियम इतरांच्या पंगतीत न ठेवता ठळक लिहावा.

स्वतःच्या फोनने रिपोर्टचा फोटो काढायचा नाही, हे सगळे मान्य करतात आणि सगळे मोडतात, कारण क्लिनिकचा फोन त्या क्षणी डॉक्टरांच्या टेबलावर असतो. असा नियम मोडलेला दिसला, की रागावण्याआधी फोनची जागा बदला. काउंटरवर चार्जरला लावलेला फोन असेल तर मोह उरत नाही. महिन्यातून एकदा त्या फोनच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Linked devices` उघडून कुठले कॉम्प्युटर जोडलेले आहेत ते बघावं. ओळखीचे नसतील ते तिथूनच काढून टाकता येतात.

बाकीचं थोडक्यात. लॅबवाल्याचा पेनड्राइव्ह काउंटरला लावायचा नाही, रिपोर्ट ईमेलने मागवायचा. रिकाम्या वेळात फोनवर गाणी ऐकली, सिरीयल बघितली, तर ती स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर. यावर अर्धं पान खर्च करणाऱ्या नियमावल्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांचा काही उपयोग होत नाही. वेटिंगमधल्या पेशंटसाठी वायफाय हवंच असेल तर राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क चालू करा, क्लिनिकच्या कॉम्प्युटरचं वायफाय त्यांना देऊ नका. सॉफ्टवेअरवाल्याला एनीडेस्कने, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवता येणाऱ्या अ‍ॅपने, कॉम्प्युटर द्यायचा असेल, तर फोन आपण केलेला असला पाहिजे. त्याने आपणहून केलेल्या फोनवर द्यायचा नाही. तो काम करत असेपर्यंत कुणीतरी समोर बसायचं आणि काम झालं की एनीडेस्क बंद करायचं. कधीही आत येता यावं म्हणून त्यात कायमचा पासवर्ड ठेवून दिला असेल, तर तो काढून टाकायला सांगा.

गड्ड्याच्या दिवसांत

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याला, काउंटरवरची मुलगी चार दिवस सुट्टी घेते आणि बहिणीला बदली पाठवते. सगळी चांगली घडी इथे मोडते, कारण बदलीला स्वतःचं लॉगिन नसतं आणि मुलगी तिला आपला पासवर्ड सांगून जाते. यासाठी सॉफ्टवेअरमध्ये ‘बदली’ नावाचं एक खातं आधीच करून ठेवा. त्याला पावती रद्द करण्याचा आणि जुनी केस उघडण्याचा अधिकार नको, फक्त नाव नोंदवणं आणि पावती करणं. कोण बसलं, कुठल्या तारखेपासून, हे रजिस्टरमध्ये लिहायचं. खातं एरवी बंद. सुट्टी सुरू होताना नवा पासवर्ड ठेवून उघडायचं, संपली की बंद.

कायमचं सोडून जाणाऱ्यासाठीही असंच. शेवटच्या दिवशी, पगाराचा हिशेब करतानाच, तिचं सॉफ्टवेअरचं खातं बंद करायचं (पुसायचं नाही, नाहीतर जुन्या पावत्यांवरची नावं जातात), सामायिक विंडोज खात्याचा पासवर्ड बदलायचा, वायफायचा बदलायचा, तिच्या फोनवर क्लिनिकचं जीमेल उघडं असेल तर बाहेर काढायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपची जोडलेली साधनं बघायची. ही कामं करणाऱ्याचं पद कागदावर लिहा. ‘क्लिनिक करेल’ असं लिहिलं की कुणीच करत नाही.

राहिलं काही बिघडलं तर काय करायचं ते. कायद्याची बाजू इथे लागते. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. माहिती सुरक्षित ठेवण्याची वाजवी व्यवस्था न करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, आणि माहिती फुटली तर त्या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या पेशंटना कळवावं लागतं. शिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. सहा तास म्हणजे संध्याकाळच्या ओपीडीत काही लक्षात आलं तर मध्यरात्र ते पहाटे तीनच्या दरम्यान मुदत संपलेली असते. काउंटरवरच्या मुलीने ‘उद्या सांगते’ म्हणून दडवलं तर डॉक्टरांच्या हातात वेळच राहत नाही. म्हणून पानावरचा शेवटचा नियम मोठ्या अक्षरात: ‘चुकीच्या नंबरवर रिपोर्ट गेला, भलत्या लिंकवर क्लिक झालं, फाइली उघडेनाशा झाल्या, फोन हरवला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा, रात्री असलं तरी. त्याच दिवशी सांगितलेल्या चुकीसाठी पगार कापला जाणार नाही.’ आणि त्याखाली: ‘फाइली उघडत नसतील तर नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. कॉम्प्युटर बंद करू नका, चालू ठेवून बाजूला व्हा.’ डॉक्टरांचा आणि कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाचा, असे दोन फोन नंबर तिथेच छापा. कॉम्प्युटर उघडत नसताना त्यात साठवलेले नंबर सापडणार नाहीत.